शेतातल्या फोटोतलं डुक्कर रानातलं की गावातलं?

प्रश्न: आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाच्या काठापासून दीडेक किलोमीटरवर आहे. हरभऱ्यात रात्री डुकरं शिरतात. नाल्याकडच्या धुऱ्यावर ट्रॅप कॅमेरा लावला. त्यातले तीन आणि मोबाइलवरचा एक असे चार फोटो, ट्रॅपच्या लागोपाठच्या फोटोंसह, पाठवतोय. मी म्हणतो रानडुकरं आहेत, नुकसान पाहायला आलेले म्हणाले गावातली सोडलेली डुकरं आहेत, आणि शेजारी म्हणतो दोन्हींची मिसळ आहे. भरपाईचा अर्ज करायचा आहे, तर फोटोवरून नक्की कसं ओळखायचं?

उत्तर:

चारही फोटो मोठे करून पाहिले. माझं मत आधीच सांगतो. तुमच्या शेतात दोन वेगळ्या प्रकारची डुकरं येताहेत. रात्रीच्या पहिल्या फोटोतला कळप रानडुकरांचा आहे. पहाटे मोबाइलवर टिपलेलं एकटं डुक्कर गावातलं आहे. दुसऱ्या फोटोवरून मी काहीच ठरवणार नाही. चौथ्यात मात्र एक अर्धवट वाढलेलं जनावर आहे आणि त्याच्यापाशी तुमच्या शेजाऱ्याचं म्हणणं खरं निघू शकतं. म्हणजे तिघांनीही काहीतरी खरं पाहिलंय, फक्त प्रत्येकाने वेगळा फोटो मनात धरला आहे.

हा घोळ होतो कारण रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर ही शास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीची जनावरं आहेत. माणसाने काही हजार वर्षांपूर्वी रानडुकरालाच माणसाळवून पाळीव डुक्कर केलं. त्यामुळे दोघांचा संकर सहज होतो आणि त्यांची पिल्लं पुढे वितात. नीलगाय आणि गाय यांच्यात जशी स्पष्ट भिंत आहे तशी इथे नाही. त्यातून आपल्याकडचं गावातलं देशी डुक्कर काळं, केसाळ, लांब तोंडाचं आणि दिवसभर मोकाट फिरणारं. पांढरं यॉर्कशायर डुक्कर असतं तर प्रश्नच आला नसता. अडचण या काळ्या देशी डुकराची आहे.

म्हणून मी फोटो पाहताना एक गोष्ट पक्की धरतो. पाळीवपणाची खूण दिसली तर ती पुरावा असते. रानटीपणाची खूण दिसली तर तो फक्त अंदाज असतो. गुंडाळलेलं शेपूट, अंगावर पांढरा ठिपका, लोंबते कान, कानाला पाडलेली खाच यांतलं एक जरी स्पष्ट दिसलं, तरी त्या जनावरात पाळीव रक्त आहे किंवा ते सरळ कुणाचं तरी आहे. पण सरळ शेपूट, काळा रंग, सुळे किंवा मानेवरचे राठ केस दिसले म्हणून ते रानडुक्कर ठरत नाही, कारण हे सगळं देशी डुकरातही सापडतं. रानडुक्कर म्हणायचं तर अशा तीन-चार खुणा एकाच जनावरात, एकाच फोटोत जुळल्या पाहिजेत, आणि विरोधात एकही असता कामा नये.

रंगावर तर सर्वात कमी भरवसा ठेवा. चिखलात लोळलेलं कुठलंही डुक्कर काळंच दिसतं, आणि वाळलेल्या मातीने काळं डुक्कर करडं दिसतं. रात्रीचा कॅमेरा इन्फ्रारेड उजेडात फोटो काढतो. त्या उजेडात केस चमकतात, आणि भर काळं रानडुक्करही राखाडी किंवा चक्क पांढुरकं येतं. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत अशी चूक केली आहे. मे महिन्यातला एक फोटो होता. जनावर काळं, अंगावर केस विरळ, एकटं, नाल्यात उभं. मी ते गावडुक्कर म्हणून नोंदवलं. पुढचे फोटो चाळले तर तेच जनावर आडवं चालताना दिसलं. उंच खांदे, मागे उतरती पाठ, टोकाला केसांचा गोंडा असलेलं सरळ शेपूट, आणि मागोमाग पट्ट्यांची पिल्लं. उन्हाळ्यात केस झडून रानडुक्कर उघडं पडतं हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. तेव्हापासून एका फोटोवर नोंद करत नाही. आधीचे आणि नंतरचे सगळे फोटो पाहतो.

मग पाहायचं काय? आधी पाठीची रेघ. आपलं रानडुक्कर पुढून भारी असतं. खांदा हा त्याच्या अंगातला सर्वात उंच भाग, आणि तिथून पाठ मागच्या पायांकडे उतरत जाते. मोठ्या नराची खांद्याशी उंची 80 ते 90 सेंटिमीटरपर्यंत जाते, पण कंबर त्या मानाने बारीक आणि मागचा भाग निमुळता राहतो. समोरून पाहिलं तर अंग अरुंद, जणू दोन्ही बाजूंनी दाबलेलं. पाळीव डुकरात माणसाने मागचा भाग आणि कुशी वाढवली, कारण मांस तिथेच लागतं. म्हणून त्याची पाठ सपाट किंवा मध्यभागी कमानीसारखी, पुठ्ठे भरलेले, पोट खाली आलेलं आणि पाय त्या मानाने आखूड. देशी डुकरात हा फरक कमी असतो, पण असतो.

या रेघेबाबत दोन ठिकाणी फसायला होतं. डुक्कर नाकाडाने माती उकरत असेल तर त्याचा पुढचा भाग खाली जातो. अशा वेळी रानडुकराची पाठही सपाट दिसते. दुसरं म्हणजे घाबरलेलं रानडुक्कर पाठीवरचा तुरा उभा करतं, आणि खांदा आहे त्यापेक्षा बराच उंच भासतो. हेच देशी डुकराच्या मानेवरचे राठ केस उभे राहिले की होतं. म्हणून चारही पाय जमिनीवर सरळ, डोकं ना वर ना खाली, आणि जमीन सपाट, असा एक फोटो शोधायचा आणि पाठीची रेघ त्याच्यावरूनच ठरवायची. केसांच्या आतली अंगाची कड पाहायची, केसांची नाही. इन्फ्रारेड फोटोत केसांची कड उजळ आणि अंग गडद येतं, त्यामुळे या दोन रेघा वेगळ्या काढणं रात्रीच्या फोटोत उलट सोपं जातं.

आता तो तुरा. भारतीय रानडुकराच्या मानेपासून पाठीवर लांब राठ केसांची एक पट्टी जाते, आणि युरोपातल्या रानडुकरापेक्षा ती जास्त ठळक असते. आपल्या उपजातीच्या शास्त्रीय नावात जो ‘क्रिस्टेटस’ शब्द आहे, त्याचा अर्थच तुरेवाला. शांत चालताना हा तुरा अंगाला चिकटून पडतो, म्हणून फोटोत दिसला नाही तर नाहीच असं समजू नका. दिसला तर तो कुठपर्यंत जातो ते पाहा. देशी डुकराचे राठ केस बहुधा मान आणि खांद्यापर्यंतच दाट असतात. रानडुकराचे खांद्याच्या मागे पाठीवरही सलग चालू राहतात.

तोंडाची रेघ बाजूने पाहायची. रानडुकराचं मुस्कट लांब, आणि कपाळापासून नाकाडाच्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ. पाळीव डुकरात डोळ्यांच्या पुढे एक खळगा पडतो आणि नाकाड थोडं वर उचललेलं वाटतं. विलायती जातींत हा खळगा खोल असतो. देशी डुकरात मात्र तो उथळ असतो, आणि अर्धपोटी वाढलेल्या डुकराचं तोंड आणखीच सरळ राहतं. म्हणून खळगा स्पष्ट दिसला तर तो धरायचा, आणि नसला तर त्यावरून काही म्हणायचं नाही. कानांचंही तसंच. रानडुकराचे कान लहान, ताठ आणि केसाळ असतात. लोंबणारा मोठा कान पाळीव रक्त सांगतो. ताठ कान काहीच सांगत नाही.

शेपटाबद्दल लोक सर्वात जास्त चुकतात. रानडुकराचं शेपूट सरळ खाली लोंबतं, टोकाला केसांचा गोंडा असतो, आणि चालताना ते माशा हाकल्यासारखं हलतं. पळताना ते उभं उचललं जाऊ शकतं, पण त्याचा वेढा कधी पडत नाही. पाळीव डुकराचं शेपूट गुंडाळलेलं असतं हे बरोबर आहे, पण देशी डुकरांत सरळ शेपटाची पुष्कळ असतात. शिवाय घाबरलेलं किंवा आजारी पाळीव डुक्कर वेढा सोडून शेपूट खाली टाकतं. त्यामुळे शेपटाला वेढा दिसला की निकाल लागला, सरळ दिसलं की निकाल बाकी.

सुळ्यांवर मी फारसा वेळ घालवत नाही. न खच्ची केलेल्या पाळीव नरालाही चांगले सुळे येतात, आणि रानडुकराच्या मादीचे सुळे ओठाबाहेर जेमतेमच दिसतात. सुळे पाहून नर-मादीचा अंदाज येतो, त्यापलीकडे नाही.

सर्वात भरवशाची खूण मोठ्या जनावरात नसतेच, ती पिल्लांच्या अंगावर असते. रानडुकराची पिल्लं जन्मतः तपकिरी असतात आणि त्यांच्या अंगावर डोक्याकडून शेपटाकडे जाणारे फिके लांब पट्टे असतात. खारीच्या पाठीवर असतात तसेच, पण जास्त रुंद आणि दोन्ही बाजूंना उतरलेले. साधारण तीन-चार महिन्यांत हे पट्टे पुसट होतात, सहा महिन्यांपर्यंत पार जातात. त्यानंतर पिल्लू काही काळ तांबूस राहतं आणि मग हळूहळू काळं होतं. आपल्याकडच्या काळ्या देशी डुकराची पिल्लं बहुधा पहिल्या दिवसापासून काळी किंवा काळ्यावर पांढरे ठिपके असलेली असतात.

यावरून मी एक साधी कसोटी वापरतो. पिल्लू आईच्या पोटाखालून सहज जाईल इतकं लहान असेल, तर रानडुकराच्या कळपात त्याच्या अंगावर पट्टे असायलाच हवेत. पिल्लू त्याहून मोठं झालं असेल तर पट्टे नसणं चालतं, तिथे तांबूस रंग शोधायचा. एवढ्या लहान पिल्लाचं अंग एकरंगी काळं असेल तर तो कळप निव्वळ रानडुकरांचा नाही. पट्ट्यांची कसोटीही शंभर टक्के पक्की नाही. पिढ्यान्पिढ्या मोकाट राहिलेल्या पाळीव डुकरांत पट्टे परत आलेले जगात काही ठिकाणी दिसले आहेत, आणि संकराच्या पिल्लांतही ते येऊ शकतात. पण पट्टे, वर उतरती पाठ, वर सरळ तोंड असं तिन्ही एका कळपात जुळलं, तर मी रानडुक्कर लिहायला कचरत नाही.

आता तुमचे फोटो.

पहिला फोटो, रात्री 10 वाजून 40 मिनिटांचा. धुऱ्यावरून ओळीने चाललेली चार जनावरं. पुढची मादी बरोबर आडवी आली आहे आणि तिचे चारही पाय टेकलेले आहेत, म्हणजे मोजायला योग्य फोटो. तिचा खांदा पुठ्ठ्यापेक्षा स्पष्ट उंच आहे. तुरा पडलेला आहे, तरी खांद्यामागे उजळ केसांची कड बरीच पुढे चालू राहते. शेपूट सरळ, टोकाला गोंडा. तिच्या मागची तीन पिल्लं तिच्या पोटापेक्षा खाली आहेत. मधल्या पिल्लाच्या अंगावर फिक्या रेघा दिसतात. इथे मला आधी शंका आली, कारण गवताच्या काड्यांची सावली इन्फ्रारेडमध्ये हुबेहूब पट्ट्यांसारखी पडते. म्हणून त्याच मालिकेतला पुढचा फोटो पाहिला. पिल्लू दोन पावलं पुढे गेलं आणि रेघा त्याच्याबरोबर गेल्या. सावली असती तर ती जागेवर राहिली असती. दुसऱ्या पिल्लावरही त्याच रेघा आहेत. तिसरं फार उजळून गेलंय, त्याचं काही सांगता येत नाही. हा कळप रानडुकरांचा, यात मला शंका नाही.

दुसरा फोटो, रात्री 2 वाजून 15 मिनिटांचा. एक मोठं जनावर तोंड कॅमेऱ्याकडे करून अगदी जवळ उभं आहे. हा फोटो पाहून तुम्हाला वाटलं असेल की एवढं मोठं, सुळेवालं म्हणजे एकांडा नर रानडुक्कर. तसं असणं शक्य आहे, मोठे नर एकटेच फिरतात. पण कॅमेऱ्याच्या अर्ध्या मीटरवर आलेलं कुठलंही डुक्कर राक्षसासारखं दिसतं. पाठ दिसत नाही, शेपूट दिसत नाही, तोंडाची बाजू दिसत नाही. कान ताठ आणि लहान आहेत एवढंच. या फोटोवर ‘डुक्कर, नर, प्रकार अनिश्चित’ एवढीच नोंद बसते. पंचनाम्याच्या वेळी हा फोटो सर्वात पुढे ठेवू नका. तो दिसायला जोरदार आहे, पण पुरावा म्हणून चौघांत सर्वात कच्चा आहे.

तिसरा, तुम्ही पहाटे मोबाइलवर झूम करून काढलेला. रंग फाटलेत, कडा धूसर आहेत, तरी दोन गोष्टी पुरेशा आहेत. पुढच्या डाव्या पायावर गुडघ्याखाली पांढरा मोजा घातल्यासारखा डाग आहे, आणि शेपटाला एक वेढा आहे. पायाचा डाग चिखल किंवा दव असू शकलं असतं. शेपटाचा वेढा दुसरं काही असू शकत नाही. शिवाय पाठ सपाट आहे, आणि तुम्ही साठ-सत्तर पावलांवर असूनही ते मान वर करून बघत उभं आहे. हे वागणं मी पुरावा म्हणून धरत नाही, कारण रोज माणसं पाहणारी रानडुकरंही धीट होतात, पण बाकीच्या खुणांशी ते जुळतं. हे डुक्कर गावातलं. पाहायला आलेल्या मंडळींनी बहुधा हेच किंवा याच्यासारखंच एखादं पाहिलं असावं.

चौथा फोटो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तारीख पहिल्या फोटोनंतर चार रात्रींची, जागा तीच, आणि कळपही बहुधा तोच: पट्ट्यांची तीन पिल्लं, पुढे तीच मादी. पण मागे एक अर्धवट वाढलेलं जनावर आहे, साधारण मादीच्या खांद्याच्या पाऊण उंचीचं. त्याची पाठ उतरती आहे, शेपूट सरळ आहे, तोंड लांब आहे. आणि त्याच्या दोन्ही पुढच्या पायांच्या खालच्या भागात एकसारखा उजळ पट्टा आहे. लागोपाठच्या दोन्ही फोटोंत तो जागचा हललेला नाही आणि त्याची वरची कड सरळ कापल्यासारखी आहे. चिखलाची कड अशी क्वचितच येते. ती वरखाली असते, आणि नाला ओलांडून आलेल्या कळपात ती सगळ्यांच्याच पायांवर असती. इथे फक्त एकाच्या पायांवर आहे.

हा पट्टा खरोखर पांढऱ्या केसांचा असेल तर या जनावरात पाळीव रक्त आहे. काळ्यावर पांढरे पाय हा रंग पाळीव डुकरांचा आहे. रानडुकराच्या रंगात तो बसत नाही. पण मी ‘असेल तर’ म्हणतोय, कारण इन्फ्रारेड फोटोत रंग नसतोच, फक्त कमी-जास्त उजेड असतो. त्याच जनावराचा दिवसाच्या उजेडातला एक रंगीत फोटो मिळाला तर हा प्रश्न एका नजरेत सुटेल. तोवर मी त्याची नोंद ‘संकराची शक्यता’ एवढीच करीन.

संकराबद्दल फोटो किती सांगू शकतो याची मर्यादाही सांगतो. गावातली डुकरी आणि रानातला नर यांची पहिली पिढी पुष्कळदा दोन्हींच्या मधली दिसते: काळं केसाळ अंग, उंच खांदा, पण पुठ्ठे भरलेले, एखादा पांढरा ठिपका. यांतलं एखादं रानडुकरांच्या कळपात मिसळलं आणि पुढे रानडुकराशीच जमलं, तर दोन-तीन पिढ्यांत पाळीवपणाच्या बाहेरच्या खुणा जवळजवळ बुजून जातात. रक्तात अंश राहतो, डोळ्यांना दिसत नाही. तिथे फोटोचं काम संपतं. युरोपात हे ठरवायला जनुकं तपासतात. एक केसांचा रंग ठरवणारं आणि एक मणक्यांची संख्या ठरवणारं अशी दोन जनुकं त्यांना खूप उपयोगी पडली आहेत, कारण पाळीव डुकराला माणसाने लांब पाठीसाठी निवडलं आणि त्याचे मणके वाढले. रानडुकराला छाती-कंबरेचे मणके 19 असतात, विलायती पाळीव जातींना 21 ते 23. आपल्या देशी डुकरांवर अशी निवड तेवढी झालेली नाही, त्यामुळे तिथली कसोटी इथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

कुंपणाच्या तारेला अडकलेले राठ केस मुळासकट मिळाले तर त्यातून तपासणी होऊ शकते. पण ते तुम्ही काढून घरी ठेवू नका. वनरक्षकाला जागेवर दाखवा, त्यांनाच कोरड्या कागदी पाकिटात भरू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि केस वाया जातात.

आता कॅमेरा. तुम्ही तो धुऱ्याच्या रेषेत, येणाऱ्या जनावराच्या तोंडावर लावला आहे, म्हणून दुसऱ्या फोटोसारखे फोटो येतात. तो वाटेला काटकोनात लावा, वाटेपासून तीन ते चार मीटर दूर, आणि जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर, म्हणजे डुकराच्या कुशीच्या रेषेत. वरून खाली झुकवलेला कॅमेरा पाठीची रेघ मोडतो. एकाच वेळी लागोपाठ तीन फोटो काढायची सोय चालू करा. पहिल्यात तोंड येतं, दुसऱ्यात अंग, तिसऱ्यात शेपूट. समोरचं गवत हाताने मोडून टाका. ते उजेड परत फेकतं आणि मागचं जनावर काळवंडतं किंवा पांढरं पडतं. वाटेच्या पलीकडच्या कडेला एक बांबू रोवा आणि त्यावर जमिनीपासून 50, 75 आणि 100 सेंटिमीटरवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढा. मग उंचीबद्दल वाद राहत नाही. जनावर बांबूच्या बरंच अलीकडे असेल तर ते उंच भासेल, एवढं भान ठेवा.

संकराची शंका सोडवायची तर दिवसाचा फोटो हवा. तुमच्या नाल्यात लोळण आहे असं पहिल्या फोटोतल्या ओल्या कुशीवरून वाटतं. दुसरा कॅमेरा मिळत असेल तर तो लोळणीवर लावा. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी आणि पहाटे उजाडल्यावर कळप तिथे थांबतो, आणि अंग धुतलेलं किंवा लोळायच्या आधीचं असेल तर पायांचा खरा रंग दिसतो.

कॅमेऱ्याची तारीख-वेळ तपासा. तुमच्या तिसऱ्या ट्रॅप फोटोची, म्हणजे वरच्या चौथ्या फोटोची वेळ दुपारी 1 ची पडली आहे आणि फोटो काळोखातला आहे, म्हणजे घड्याळ बारा तास चुकलेलं आहे. त्यात बाकीच्या फोटोंच्या वेळा मात्र जुळतात, तेव्हा मधे कधी बॅटरी काढली होती का ते आठवून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. फोटो पुढे पाठवताना साध्या रीतीने व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो लहान होतो आणि त्यातली तारीख-जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेमरी कार्डच दाखवा. आणि फोटो कापू नका. रिकामा वाटणारा कोपरा बांबू, धुरा किंवा दुसरं जनावर दाखवत असतो.

अर्जाबद्दल एवढंच. रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, आणि तिथे तक्रार लगेच करावी लागते, उशीर झाला की पंचनाम्यात अडचण येते. गावातलं डुक्कर कुणाच्या तरी मालकीचं असतं, तो विषय मालकाचा आणि ग्रामपंचायतीचा. कोंडवाड्याच्या 1871 च्या जुन्या कायद्यात गुरांच्या व्याख्येतच डुक्कर धरलेलं आहे. म्हणून दोन अर्ज वेगळे करा. वनखात्याच्या अर्जाला पहिला आणि चौथा फोटो जोडा, लागोपाठच्या फोटोंसह, आणि ‘तीन पट्टेदार पिल्लांसह मादी, रानडुक्कर’ असं लिहा. चौथ्यातल्या त्या अर्धवट वाढलेल्या जनावराचा उल्लेख लपवू नका. कळप रानडुकरांचाच आहे, त्यात एकाच्या संकराची शंका आहे, असं सरळ लिहिलं तर अर्ज पडत नाही. उलट ते पांढरे पाय दुसऱ्या कुणी दाखवून दिले तर तुमच्या चारही फोटोंवर संशय येतो. तिसरा फोटो ग्रामपंचायतीकडे द्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘हे तर गावचंच डुक्कर’ किंवा ‘हे तर संकरित’ असं म्हणून कुणी फास किंवा विजेची तार लावायला सुचवेल, ते ऐकू नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. अंधारात तारेला लागलेलं जनावर कोणतं होतं हे नंतरच कळतं, आणि त्या तारेला रात्री जागलीवर निघालेला माणूसही लागतो.

लोळणीवरचे फोटो आले की पाठवा. त्यात मला त्या मागच्या जनावराचे पुढचे दोन पाय पाहायचे आहेत, शक्य झालं तर दोन्ही बाजूंनी.